पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीईटीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत पेढ्यांबरोबर गैरसमजही वाटले जातात. शेजारच्या आजी कौतुकाने सांगत आल्या, "नातीला पंच्याण्णव टक्के पडले हो!" नात मागून पुटपुटली, "आजी, मार्क दोनशेपैकी एकशे अठराच आहेत गं." दोघीही खरं बोलत होत्या, फक्त आजींचा 'टक्के' हा शब्द चुकला होता.

पर्सेंटाइल आपले गुण सांगत नाही, मागे किती जण आहेत ते सांगतो. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते, पेपर वेगवेगळे असतात, म्हणून प्रत्येक शिफ्टचा हिशेब त्या शिफ्टपुरताच. समजा, एका शिफ्टला २०,००० मुलं बसली आणि १९,००० जणांना नातीइतके किंवा त्याहून कमी गुण आहेत, तर तिचा पर्सेंटाइल ९५. तिचे ११८ सोप्या पेपरात कदाचित ९० वर थांबले असते.

साधा क्रमांक याच्या उलट. वर्गात दहावा आला म्हटलं की आई खूश, पण वर्ग साठांचा होता की दहांचा, हे कोण विचारतं? साठांत दहावा म्हणजे ८५ पर्सेंटाइल, दहांत दहावा म्हणजे शेवटचा. एकूण संख्या कळल्याशिवाय क्रमांकाला काही अर्थ नाही.

आता खरी अडचण प्रवेशाच्या वेळची. "गेल्या वर्षी त्या कॉलेजचा कटऑफ ९५ होता, मग यंदा आपलं काम झालं," असा हिशेब घरोघरी चालतो. पण जागा क्रमाने भरतात. समजा, गेल्या वर्षी तीन लाख मुलं बसली होती. तेव्हा ९५ पर्सेंटाइलच्या पुढे १५,००० जण होते. यंदा चार लाख बसली तर त्याच ९५ च्या पुढे २०,००० जण असतील. जागा तेवढ्याच राहिल्या तर १५,००० व्या नंबरापर्यंत पोचायला ९६.२५ लागतील. (मेरिट यादीत कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, नोंदणी केलेलीच मुलं असतात, त्यामुळे प्रत्यक्ष नंबर थोडा अलीकडे येतो, तो भाग वेगळा.) वर तर अर्धा पर्सेंटाइलही भारी पडतो: ९९ आणि ९९.५ मध्ये, तीन लाखांच्या हिशेबाने, दीड हजार मुलं उभी असतात.

म्हणून पालकांना एवढंच सांगते: मागच्या वर्षीशी तुलना मेरिट नंबराची करा, पर्सेंटाइलची नको. कॅपच्या कटऑफ यादीत दोन्ही आकडे छापलेले असतात, आधी मेरिट नंबर आणि मग कंसात पर्सेंटाइल. नातीने यादी मोबाइलवर उघडली तेव्हा तीही फक्त कंसातलाच आकडा वाचत होती. मी कंसाबाहेरच्या आकड्यावर बोट ठेवलं, तेव्हा तिने पसंतीक्रमातली वरची दोन कॉलेजं तशीच ठेवली आणि खाली आणखी सहा भरली.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सांगली