'फेत अकोम्प्ली' म्हणजे अटळ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्रजी लेखनात फ्रेंच शब्दप्रयोग पेरणं म्हणजे निव्वळ मिरवणं, असं एका वाचकांनी गेल्या आठवड्यात याच सदरात लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटलं. मी वीसेक वर्षं इंग्रजी लेख आणि अहवाल मराठीत आणतो. मूळ लेखकाला शब्दाचा अर्थ ठाऊक होता की तो नुसता आवडला होता, हे अनुवाद करताना लगेच उघडं पडतं.

मागच्या महिन्यात एक क्रिकेटचा लेख हाती आला. त्यात लिहिलं होतं, की शेवटच्या सामन्याआधीच करंडक त्या संघासाठी 'फेत अकोम्प्ली' झाला होता. इथे माझी लेखणी अडली. 'फेत' म्हणजे केलेली गोष्ट, 'अकोम्प्ली' म्हणजे पार पडलेली. सामना व्हायचाच असेल, तर पार काय पडलं? लेखकाला 'निकाल ठरल्यासारखा होता' एवढंच म्हणायचं होतं आणि त्यासाठी साधे इंग्रजी शब्द होते. ही चूक आता इतकी रुळली आहे, की बरेच जण या शब्दाचा अर्थ 'अटळ' असाच धरतात.

हा शब्द खरा कुठे शोभतो, ते ७ मार्च १९३६च्या घटनेवरून कळतं. ऱ्हाइनलँड या फ्रान्सलगतच्या आपल्याच प्रदेशात जर्मनीने सैन्य ठेवायचं नाही, अशी पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाची अट होती. १९२५च्या लोकार्नो करारात जर्मनीने ती आपणहून पुन्हा मान्य केली होती. तरीही त्या शनिवारी हिटलरने तिथे फौज घुसवली. आधी चर्चा नाही, परवानगी नाही. फ्रान्स आणि ब्रिटनपुढे प्रश्न उरला तो एवढाच, की झालेलं उलटवण्यासाठी युद्धाचा धोका पत्करायचा का? त्यांनी तो पत्करला नाही. 'फेत अकोम्प्ली' म्हणतात ते याला. गोष्ट होऊन गेलेली असते, ज्यांचा तिच्याशी संबंध आहे त्यांना विचारलेलं नसतं, आणि ती मोडायची तर किंमत त्यांनाच मोजावी लागते. हे सगळं एका दमात सांगणारा सुटसुटीत इंग्रजी शब्द मला तरी सापडलेला नाही. म्हणून तिथे फ्रेंच शब्द हवाच.

आपल्याकडे घराघरांत हे माहीत आहे. मुलगा रजिस्टर लग्न करून, हार घालून दारात उभा राहतो. वडिलांच्या हाती उरतं काय? ओवाळून आत घ्यायचं, नाहीतर दार लावायचं. पण त्याच मुलाचं लग्न ठरण्याच्या बेतात असेल आणि सगळ्यांना ते कळून चुकलं असेल, तर ते 'फेत अकोम्प्ली' नव्हे.

'रेझाँ देत्र'ची गत याहून वाईट आहे. एका कंपनीच्या अहवालात 'विलंबाचं रेझाँ देत्र' असं वाचलं आणि हसू आवरेना. 'रेझाँ' म्हणजे कारण खरं, पण 'देत्र' म्हणजे 'असण्याचं'. विलंबाला असण्याचं प्रयोजन कसलं? कच्चा माल वेळेवर आला नाही, एवढीच गोष्ट होती. आता दुसरं वाक्य बघा. सोव्हिएत संघ १९९१मध्ये विसर्जित झाला, तेव्हा १९४९मध्ये स्थापन झालेल्या नाटोचं 'रेझाँ देत्र' काय उरलं, असं विचारलं गेलं. इथे तो शब्द चपखल बसतो, कारण ज्याला तोंड देण्यासाठी ही लष्करी संघटना उभी राहिली तेच नाहीसं झालं, मग तिने असावं तरी का, हाच प्रश्न आहे. नुसतं 'कारण' म्हटलं तर तो प्रश्न निसटतो. मराठीत मी इथे डोळे मिटून 'प्रयोजन' लिहितो.

जाता जाता उच्चाराबद्दल. मरणाच्या घावाला 'कू द ग्रास' म्हणतात, त्यातला शेवटचा 'स' उच्चारायचा असतो. फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं गिळतात, एवढंच ऐकलेली मंडळी मोठ्या रुबाबात 'कू द ग्रा' म्हणतात. तसं म्हटलं की फ्रेंच कानाला 'चरबीचा घाव' ऐकू येतो! तेव्हा त्या वाचकांचा राग मी समजू शकतो. फक्त तो शब्दांवर न काढता, ते न तपासता वापरणाऱ्यांवर काढावा.

क्रिकेटच्या त्या वाक्याचं शेवटी काय केलं, हे सांगायचं राहिलं. लिहिलं, 'करंडक हाती आल्यातच जमा होता.' संपादकांनी एक शब्दही बदलला नाही.

आपला,
एक अनुवादक वाचक, सातारा