बुडणारा ओरडत नाही

महोदय,

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या घाटावर एक दहा-बारा वर्षांचा मुलगा सगळ्यांच्या देखत बुडत होता आणि त्याची आई म्हणत होती, ''बघा, कसा उभा राहून खेळतोय!'' तो खेळत नव्हता. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, केस डोळ्यांवर आलेले तरी बाजूला सारत नव्हता. दोन्ही हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबत होता, जणू न दिसणारी शिडी चढतोय. श्वासच पुरत नाही, तिथे हाक कुठून मारणार? या अवस्थेत माणूस जेमतेम 20 ते 60 सेकंद वर राहतो. शंका आली तर ''बरा आहेस ना?'' असं विचारा. उत्तर नाही, नजर शून्य, म्हणजे धावा.

पण उडी मारू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. त्या दिवशी एका आजोबांनी काठावर पालथं पडून धोतर फेकलं, तेही त्याच्या डोक्यापलीकडे, म्हणजे ओढताना ते हाताशी येतं. त्यांचे पाय दोघांनी धरले होते. उभं राहून ओढलं असतं तर तेच आत गेले असते. अंतर जास्त असेल तर पाच लिटरचा कॅन दोरीला बांधा. तळाशी थोडं पाणी ठेवून बूच घट्ट लावा, नाहीतर रिकामा कॅन वाऱ्यानं भरकटतो.

बाहेर काढल्यावर पोट दाबू नये. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबावी, आणि कुणीतरी तोवर 108 ला फोन लावावा.

– एक वाचक, जि. सांगली