मीराला, तुमच्या ७ आणि ६ बद्दल

प्रिय मीरा,

काल फोनवर तू जे सांगितलंस ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायलाच बसले, फोनवर बोलताना आकडे नीट समजावता येत नाहीत आणि तू मधेच घाबरून गप्प होतेस. ज्या अंकशास्त्रवाल्यांकडे तुम्ही गेला होतात त्यांनी सांगितलं की तुझा मॅच्युरिटी नंबर ७ आणि केदारचा ६, ७ म्हणजे एकांत, ६ म्हणजे घरदार, त्यामुळे चाळिशीनंतर तुम्ही मनाने लांब जाणार, आणि उपाय काय तर तू नावाचं स्पेलिंग MIRA कर म्हणजे तुझाही ६ येईल. इतकी वर्षं मी हा विषय वाचतेय, लोकांचे आकडे काढून देतेय, माझा त्यावर जीव आहे हे तुला माहितीये. म्हणूनच सांगते, आकडे त्यांनी बरोबर काढलेत पण उपाय चुकीचा दिलाय. कसा ते बघ.

मॅच्युरिटी नंबर म्हणजे भाग्यांक अधिक नामांक, बास. भाग्यांक पूर्ण जन्मतारखेवरून येतो. तुझी ६ ऑगस्ट १९९६, म्हणजे दिवस ६, महिना ८, आणि वर्षाचे १+९+९+६ = २५, म्हणजे ७. तिन्हीची बेरीज २१, म्हणजे ३. नामांकासाठी A ते I ला १ ते ९, मग J पासून परत १, S पासून परत १, अशी किंमत देतात. MEERA म्हणजे ४+५+५+९+१ = २४ आणि JOSHI म्हणजे १+६+१+८+९ = २५, दोन्ही मिळून ४९, ४+९ = १३, म्हणजे ४. आता ३+४ = ७. तर तुझा ७ खरा आहे.

केदारची १५ मे १९९५, म्हणजे दिवसाचे १+५ = ६, महिना ५, वर्षाचे २४ म्हणजे ६, तर ६+५+६ = १७, भाग्यांक ८. KEDAR चे २१ आणि PATIL चे २२, मिळून ४३, नामांक ७. ८+७ = १५, म्हणजे ६. हाही बरोबर.

आता स्पेलिंगचं बघ. MIRA म्हणजे ४+९+९+१ = २३, त्यात JOSHI चे २५, म्हणजे ४८, १२, ३. भाग्यांक ३ अधिक ३ म्हणजे ६. एका E चा I झाला, दुसरा E गेला की तू केदारच्या आकड्यावर जाऊन बसतेस, कागदावर बघताना जादू वाटते मलाही कळतं. पण या शास्त्राचाच जो मूळ नियम आहे तो असा की मॅच्युरिटी नंबर जन्माच्या वेळी नोंदवलेल्या पूर्ण नावावरून काढायचा. नंतर घेतलेलं नाव, लग्नानंतरचं आडनाव, टोपणनाव, बदललेलं स्पेलिंग, यांनी फार तर लोकांसमोर तुझी आत्ताची छाप कशी पडते यात थोडा रंग भरतो असं मानतात, पण मॅच्युरिटी नंबर त्याने हलत नाही. तुझ्या जन्मदाखल्यावर MEERA आहे, तो फॉर्म मीच भरलाय. म्हणजे उद्या तू सगळीकडे MIRA लिहिलंस तरी ज्या नियमाने त्यांनी ७ काढला त्याच नियमाने तो ७ च राहणार. आकडा काढताना एक नियम आणि उपाय विकताना दुसरा, हे मला अजिबात पटत नाही आणि याचा मला रागच येतो, कारण माणूस घाबरलेला असताना त्याला असं सांगितलं की तो काहीही करायला तयार होतो.

अजून एक, कोणी तुला तुझा मॅच्युरिटी नंबर ४ सांगितला तर समज की त्यांनी JOSHI ऐवजी PATIL धरलंय, ३ अधिक १ असं येतं ते. आणि १ सांगितला तर बहुतेक खाल्डियन नावाच्या दुसऱ्या पद्धतीचा तक्ता वापरलाय, त्यात अक्षरांच्या किंमती वेगळ्या असतात आणि ९ कुठल्याच अक्षराला देत नाहीत. जन्मदाखल्यावरचं नाव न विचारता कोणी आकडा सांगायला लागलं तर पुढचं ऐकूच नकोस.

आता ॲटिट्यूड नंबर, त्याचं त्यांनी नावच काढलं नाही याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. तो फक्त दिवस आणि महिन्याचा, वर्ष नाही, नाव नाही, म्हणून त्यात स्पेलिंगचा घोळच होत नाही. तुझा ६+८ = १४, म्हणजे ५. केदारचा १५+५ = २०, म्हणजे २. हा आकडा माणूस वरवर कसा दिसतो, पहिल्या भेटीत कसा वाटतो, एखादी गोष्ट समोर आली की पटकन कसा रिॲक्ट होतो ते सांगतो असं मानतात. ५ म्हणजे चपळ, सतत काहीतरी नवं हवं, एका जागी बसवत नाही. २ म्हणजे मऊ, समोरच्याचं मन सांभाळणारा, भांडण नको म्हणून आपलं म्हणणं गिळणारा. तू सांग, तुम्ही दोघं आत्ता असेच आहात की नाही? प्लॅन तू ठरवतेस आणि तो हो म्हणतो, आणि मग दोन दिवसांनी कळतं की त्याला खरं तर जायचंच नव्हतं.

मुद्दा हा आहे की केदारने जिच्याशी लग्न केलं ती त्याला ५ सारखी दिसली. बडबडी, धावती. आणि मॅच्युरिटी नंबर तिशी-पस्तिशीपासून हळूहळू डोकावायला लागतो, पंचेचाळीशी-पन्नाशीच्या पुढे ठळक होतो असं मानतात, नेमकं वय कोणी एक सांगत नाही, प्रत्येकाचं थोडं वेगळं. तुझा ७ आला की तू कमी बोलायला लागशील, एकटं बसून वाचणं, एखाद्या विषयाच्या मुळाशी जाणं, माणसांची गर्दी नकोशी होणं, असं ७ बद्दल सांगतात. ५ ते ७ हा तुझ्यासाठी अवघड प्रवास नाही बरं का, एका पद्धतीत १-५-७, २-४-८, ३-६-९ असे तीन गट करतात आणि त्यात ५ आणि ७ एकाच गटात, डोक्याने चालणारे. बाहेर शोधत होतीस ते आत शोधायला लागशील एवढंच. पण बाहेरून बघणाऱ्याला तो मोठा बदल दिसतो. केदारला वाटू शकतं की ही आपल्यावर नाराज आहे.

आणि त्याच सुमाराला त्याचा ६ येणार. २ आणि ६ हे गटाने वेगळे असले तरी दोन्ही माणसांत रमणारे आकडे आहेत, फरक एवढाच की २ मागे राहून जमवून घेतो आणि ६ पुढे होऊन जबाबदारी घेतो. घर, मुलं, म्हातारी माणसं, कोणाला काय हवं-नको, हे सगळं तो स्वतःकडे ओढून घेईल, आणि ६ ची जी वाईट बाजू सांगतात ती म्हणजे न मागता सल्ला देणं, काळजीच्या नावाखाली सारखी विचारपूस. आता ही दोन चित्रं शेजारी ठेव. तू दार लावून वाचत बसलीयेस आणि तो तिसऱ्यांदा विचारतोय की बरं वाटत नाहीये का, काही झालंय का, माझं काही चुकलं का. तुला ती काळजी अंगावर आल्यासारखी होणार, त्याला तुझं गप्प बसणं म्हणजे आपली किंमत नाही असं वाटणार. ६ आणि ७ मधे जे घर्षण सांगतात ते हे आहे. लांब जाणं, वेगळं होणं, अमुक वयाला काहीतरी घडणं, यातलं काहीही या आकड्यांत नाही, आकडा स्वभावाचा कल सांगतो असं मानलं जातं, घटना सांगत नाही. तुम्हाला "चाळिशीनंतर" असं वय कुठून काढून दिलं ते मला तरी कुठल्याच पद्धतीत सापडत नाही.

आणि हेही लक्षात घे बाळा, मॅच्युरिटी नंबर फक्त नऊ असतात, काही जण ११ आणि २२ वेगळे ठेवतात तेवढेच. म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या धरल्या तर नऊ गुणिले नऊ, ८१. जगातली सगळी जोडपी या ८१ खणांत बसवली तर तुमच्या ७-६ च्या खणात किती लाखो जोडपी येतील विचार कर. त्या सगळ्यांचं म्हातारपण सारखं कसं असेल? आकड्यांवरून माणसाचं पुढचं आयुष्य कळतं असं कोणी पडताळून सिद्ध केलेलं नाही, हे मी ज्यांना आकडे काढून देते त्या प्रत्येकाला आधी सांगते आणि तुलाही सांगतेय. मला या विषयाचा उपयोग असा वाटतो की एरवी वीस वर्षांनी भांडणातून बाहेर येणारी गोष्ट नवरा-बायको आज शांतपणे बोलू शकतात, कारण बोलायला एक निमित्त मिळतं.

म्हणून केदारशी यावर बोल. त्याला हे पत्रच वाचायला दे हवं तर. त्याला विचार की मी तासभर गप्प बसले तर तुला काय वाटतं, आणि तो "काही नाही" म्हणाला तर लगेच सोडू नकोस, २ वाला आहे तो, खरं दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगेल. आणि तू त्याला हेही सांगून टाक की तुला एकटीचा वेळ लागतो तेव्हा तो त्याच्यापासून लांब जायला नसतो, हे तू त्याला कधी शब्दात सांगितलंयस असं मला वाटत नाही. ६ वाल्या माणसाला काहीतरी करायला दिलं की तो शांत राहतो असं म्हणतात, तर त्याला सांग की दार लावलेलं असेल तेव्हा बाकीच्यांना तूच सांभाळ, मला एक तास दे. त्याला ते आवडेल बघ.

स्पेलिंग बदलायचा फॉर्म भरला नसशील तर भरू नकोस. बँक, पासपोर्ट, सर्टिफिकेटं, सगळीकडे दोन नावं झाली की निस्तरता निस्तरत नाही, आणि तेही ज्या आकड्यासाठी करायचं तो हलणारच नाहीये. पुढच्या सीटिंगचे ॲडव्हान्स पैसे दिले असतील तर ते परत माग, नाही दिले तर राहू देत, पण तिथे परत जाऊ नकोस. केदारच्या जन्मदाखल्यावर PATIL च आहे ना आणि KEDAR नंतर अजून काही नाव लिहिलंय का तेवढं बघून मला कळव, मधलं नाव असेल तर ते धरून त्याचा नामांक परत काढावा लागेल आणि कदाचित त्याचा ६ पण ६ राहणार नाही.

तुझी,
आई