कपाटाच्या दारावर लिहायची तारीख

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेले की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि आई विषय बदलून माझ्या जेवणावर येते, म्हणून लिहिते आहे. मोडलेल्या एफडीचे १० लाख ४० हजार मी गेल्या आठवड्यात बाबांच्या नावावर सरकारी रोख्यात घातले. भाऊबीजेला बाबांच्या मोबाइलवर आलेले ते दोन ओटीपी त्यासाठी उघडलेल्या खात्याचे होते. बाबा, तुम्ही तेव्हा "मनूचे पैसे आहेत, तू म्हणशील तसं" म्हणालात, पण पुरतं ऐकून घेतलं नव्हतंत हे मला माहीत आहे. मीही घाईत होते. पाहुणे जाईपर्यंत थांबायला हवं होतं.

तुमच्या मनात होता तो फंड. २०२१ च्या दिवाळीत मीच पाच लाख घालायला लावले होते तसला, ठरलेल्या साली संपणारा. टार्गेट मॅच्युरिटी फंड. आणि पुढच्या जूनमध्ये त्याच पाच लाखांचे स्टेटमेंटवर ४ लाख ८० हजार दिसले, तेव्हा आठवडाभर तुम्ही रात्री गॅलरीत येरझाऱ्या घालत होतात. आईने मला सांगितलं ते फार उशिरा. ते अजून टोचतं, कारण समजावून सांगणं माझं काम होतं आणि मी फक्त "वर येईल" एवढंच म्हणाले.

तेव्हा झालं होतं ते असं. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर नेला. नवे रोखे जास्त व्याज द्यायला लागले की कमी व्याजाच्या जुन्या रोख्यांना कोणी पूर्ण भाव देत नाही. फंडाच्या पोटात तेच जुने रोखे, आणि फंडाला रोज संध्याकाळी त्यांचा बाजारभाव लावून एनएव्ही जाहीर करावी लागते. म्हणून तुम्हाला घट दिसली. त्याच दिवशी तुमच्या हातात थेट रोखा असता, तर त्याचाही भाव तेवढाच पडला असता. फक्त तो रोज कोणी तुमच्यापुढे आणून ठेवला नसता. आपलं राहतं घर आज कितीला जाईल हे रोज संध्याकाळी कोणी येऊन सांगितलं, तर आई त्याला चहा पाजून घालवून देईल.

बाबा, पोस्टात आपण स्कूटरवरून जायचो ते आठवतं? मी पुढे उभी, तुमच्या खिशात राष्ट्रीय बचत पत्रांचे ते कडक कागद. घरी आल्यावर आई गोदरेजच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने तारीख लिहायची: अमुक साली अमुक रुपये. मधे त्याची किंमत काय झाली, असं कोणी कधी विचारलंच नाही. मी घेतलेला रोखा त्या कागदाच्या जातीचा आहे.

त्याचं नाव '७.१०% जीएस २०२९'. केंद्र सरकारचा रोखा, मुदत १८ एप्रिल २०२९. दहा लाखांच्या दर्शनी किमतीचा घेतला. शंभराला भाव होता १०३ रुपये ६० पैसे, आणि मागच्या हप्त्यानंतर साठलेलं व्याज विकणाऱ्याला द्यावं लागतं ते चाळीसएक पैसे, म्हणून १० लाख ४० हजार. दर सहा महिन्यांनी, १८ एप्रिल आणि १८ ऑक्टोबरला, ३५,५०० रुपये तुमच्या पेन्शनच्या खात्यात येतील. असे सात हप्ते. शेवटच्या हप्त्याबरोबर पूर्ण दहा लाख. चढ्या भावाने घेतल्यामुळे खरा परतावा सात टक्के नाही, सहाच्या जरा आत आहे. "सात टक्क्याचा रोखा" असं आत्याला सांगू नका, ती मला फोन करेल.

दादाची मनू बारावी होईल २०२९ च्या उन्हाळ्यात. तिच्या प्रवेशाचे पैसे जून-जुलैत लागतील आणि रोखा संपेल एप्रिलात. मधले दोन-तीन महिने पैसे बचत खात्यात पडून राहिले तर राहू देत. उलटं करायचं नसतं. जूनला लागणाऱ्या पैशांसाठी ऑगस्टला संपणारा रोखा घेतला, तर मेमध्ये मिळेल त्या भावाला विकावा लागतो आणि "मुदतीपर्यंत धरणं" या शब्दांना अर्थच उरत नाही.

फंड घेतला असता तर काय, तेही मी मांडून पाहिलं. फंड मधले हप्ते तुम्हाला देत नाही, ते स्वतःच पुन्हा गुंतवतो. त्याचा खर्च वर्षाला शेकडा वीसएक पैसे धरला, तर २०२९ ला १० लाख ४० हजारांचे साधारण १२ लाख ६० हजार झाले असते. रोख्याचे सात हप्ते आणि मुद्दल मिळून १२ लाख ४८ हजार ५००, आणि हप्ते नुसते बचत खात्यात पडून राहिले तरी त्यांच्यावर आठ-दहा हजार. म्हणजे साडेतीन वर्षांत फरक फार तर दहा-पंधरा हजारांचा, तोही फंडाच्या बाजूने. हे मी लपवत नाही. पण फंडाचा तो आकडा अंदाज आहे. मधले हप्ते कोणत्या दराने पुन्हा गुंतले जातील हे आज कोणालाच माहीत नाही. शिवाय त्याच्या पेटीतले सगळे रोखे एकाच दिवशी संपत नाहीत. काही रोखे काही महिने आधीच संपतात आणि ते पैसे शेवटपर्यंत ट्रेझरी बिलांसारख्या छोट्या मुदतीच्या जागी ठेवावे लागतात. रोख्याचे दहा लाख म्हणजे दहा लाख.

शिवाय तुम्हाला मधे हप्ते हवेच आहेत. एप्रिलचा हप्ता आरोग्य विम्याला, ऑक्टोबरचा स्वयंपाकाच्या मावशींना आणि दिवाळीला. आई, मावशींना "नको" म्हणायचं नाही. तुझा गुडघा ओट्यापाशी तासभर उभं राहण्याच्या लायकीचा नाही हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय.

कराचंही एक आहे. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाचा नफा कितीही वर्षं ठेवला तरी तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो, आणि तोही सगळा ज्या वर्षी काढाल त्या वर्षी. बाबांचं पेन्शन आणि व्याज वजावटीनंतर दहा लाखांच्या थोडं वर जातं. आजच्या नियमाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर लागत नाही. फंडाचे सव्वादोन लाख एकाच वर्षी आले की बारा लाखांची रेघ ओलांडली, आणि वरची रक्कम जवळजवळ सगळी करातच जाते. रोख्याचे वर्षाला ७१ हजार मात्र रेघेच्या आत बसतात. फंडातले अर्धे मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये काढून दोन वर्षांत वाटता आले असते. पण ते मार्चमध्ये आठवणीने करायचं होतं, आणि मार्चमध्ये आपल्या घरात कोणाला काय आठवतं ते आपल्याला माहीत आहे. एक लक्षात ठेवा: या व्याजावर टीडीएस कापला जात नाही. रिटर्न भरताना सीएंना आपणहून सांगायचं.

एफडीच का नाही, हे बाबा विचारणार. व्याज थोडं जास्त मिळालं असतं, मान्य. पण तुमच्या सगळ्या ठेवी एकाच बँकेत आहेत, ठेव विमा पाच लाखांपर्यंतच असतो, आणि दुसऱ्या बँकेत खातं उघडायला तुम्ही तयार नाही. दुसरं कारण लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. एफडी एका सहीने मोडते. फंडही मोबाइलवरून काढता येतो, दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात. दादाच्या दुकानाच्या वेळचं मी उगाळत नाही. त्याच्या मनात काही नव्हतं, आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. सहलीच्या पैशांना मलाही कधी नाही म्हणाला नाहीत. पण हे पैसे त्याच्याच मुलीचे आहेत, आणि ते जरा अवघड जागी असले तर त्यालाही बरं वाटेल. थेट रोखा मधेच विकता येतो, पण छोट्या रकमेला धड गिऱ्हाईक मिळत नाही आणि भाव पाडून मागतात. इतर वेळी मी याला रोख्याचा दोष म्हटलं असतं.

म्हणूनच जुना फंड मोडलेला नाही. तो २०२७ ला संपेल, तोवर दवाखान्यासाठी आहे. मुदत जवळ आल्यामुळे त्याची एनएव्ही आता पूर्वीसारखी खालीवर होत नाही, बाबांनी पाहिली तरी चालेल. तो जुन्या नियमातला, त्याच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. रात्री-अपरात्री काही झालं तर पैशांचा विचार न करता आधी रिक्षा करून दवाखान्यात जायचं. माझं कार्ड आहे, फंडाचे पैसे मागाहून येतील.

आता ऐका. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्याला पेन्शनचं बँक खातं जोडलंय, ते बंद करायचं नाही आणि मला विचारल्याशिवाय शाखा बदलायची नाही. नाहीतर हप्ता परत जाईल. नॉमिनी आई आहे, मी बघून घेतलंय. "रोख्याचं केवायसी राहिलंय" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या, ओटीपी कोणालाही नाही, ओळखीच्या बँकेतल्या त्या मुलालाही नाही. बाबांची साखर डिसेंबरमध्ये तपासायची आणि रिपोर्टचा फोटो सरळ धरून पाठवायचा, मागच्या वेळी निम्मा टेबलक्लॉथच आला होता.

पहिला हप्ता १८ एप्रिल २०२६ ला. त्या दिवशी शनिवार आहे, सोमवारी आला तरी काळजी करू नका.

आई, कपाटाच्या दारावर आतून, माझ्या उंचीच्या खुणा आहेत त्याच्या खाली थोडी जागा आहे. पेन्सिलीने लिही: १८ एप्रिल २०२९, बुधवार, दहा लाख, मनू. बाबांना वाचता येईल एवढं मोठं लिही.

तुमची,
ताई

ता.क. डिंकाचे लाडू पाठवलेस तर बारा नकोत, सहा पुरेत. बरं, आठ.