मँडेट रद्द केल्याची पोच हातात असताना खात्यातून पैसे गेले कसे?

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक
प्रत: वर्गणी वसूल करणाऱ्या कंपनीचा तक्रार निवारण विभाग

विषय: मँडेट रद्द करण्याचे पत्र स्वीकारूनही ऑटो-डेबिटने रक्कम वळती झाल्याबाबत

महोदय,

माझ्या बचत खात्यातून दर महिन्याच्या 10 तारखेला व्यायामशाळेची वर्गणी ऑटो-डेबिटने जात असे. सदस्यत्व मी रीतसर बंद केले आणि दोन वेगळी पत्रे दिली. यापुढे माझ्या खात्यावर मागणी लावू नये, असे कंपनीला कळवले. मागणी आलीच तर ती मान्य करू नये, असे आपल्या शाखेला लिहिले. खाते क्रमांक, कंपनीचे नाव आणि मँडेटचा संदर्भ क्रमांक दोन्हींत आहे. ‘हे मँडेट कायमचे रद्द करावे’ हे वाक्यही दोन्हींत जसेच्या तसे आहे.

शाखेतले पत्र मी 2 तारखेला स्वतः आणून दिले. ‘नोंद करून घेतो, पोच कशाला हवी’ असे मला सांगण्यात आले, पण माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी काउंटर सोडला नाही. कंपनीचे पत्र सहीची पोच मिळेल अशा टपालाने पाठवले, ते त्यांना 5 तारखेला मिळाले. त्यांच्याकडून ईमेलवर आपोआप आलेला तिकीट क्रमांक मी पुरावा म्हणून जोडलेला नाही, कारण मी काय कळवले होते याचा त्यात एक शब्दही नाही.

10 तारखेची मागणी आपण नाकारली. 14 तारखेला मात्र कंपनीने तीच वर्गणी विलंब शुल्क चढवून पुन्हा मागितली आणि ती वसूल झाली. शाखेत विचारल्यावर कारण कळले, आणि माझी खरी तक्रार त्या कारणाबद्दलच आहे. आपण मँडेट रद्द केलेच नव्हते. वर्गणीच्या ठरावीक रकमेवर फक्त स्टॉप पेमेंट लावले होते. 14 तारखेची रक्कम वेगळी असल्याने ती अडवली गेली नाही.

एक हप्ता अडवणे आणि वसुलीचा अधिकारच काढून घेणे यांत किती फरक आहे, हे बँकेला मी सांगायला नको. रक्कम बदलली की स्टॉप पेमेंट निकामी होते, संदर्भ क्रमांक मात्र बदलत नाही. सोबतचा खातेउतारा पाहावा. 14 तारखेच्या नोंदीपुढे छापलेला मँडेट क्रमांक आणि आपला शिक्का असलेल्या माझ्या पत्रातला क्रमांक, अंकाला अंक जुळतो. रोखायचे ते त्या क्रमांकावर रोखायला हवे होते.

‘मँडेट कंपनीकडूनच रद्द करून आणा’ हे उत्तरही मला मान्य नाही. माझ्या खात्यातून पैसे देण्याची परवानगी मी दिली होती, ती मी लेखी काढून घेतली आहे. कंपनीचे माझ्याकडे काही येणे निघत असेल तर तो आमच्या करारातला वेगळा प्रश्न आहे. त्यांनी हिशेबासह बिल पाठवावे, मी उत्तर देईन. मँडेट बंद झाले म्हणून खरी थकबाकी बुडत नाही आणि थकबाकीचा दावा आहे म्हणून बंद केलेले मँडेट पुन्हा जिवंत होत नाही.

फोनवर मला खाते रिकामे ठेवण्याचाही सल्ला मिळाला. तसे केले तर मागणी ‘अपुरी शिल्लक’ या कारणाने परत जाते, मला दंड बसतो आणि पैसे आले असतील या आशेने कंपनी पुन्हा मागणी लावते. म्हणून यापुढे या मँडेटवर मागणी आलीच, तर ती ‘मँडेट रद्द’ याच कारणाने परत जावी.

14 तारखेला वळती झालेली रक्कम त्याच तारखेपासून खात्यात जमा करावी. मँडेट रद्द झाल्याची तारीख आणि संदर्भ क्रमांक लेखी द्यावा. याच कंपनीचे दुसरे मँडेट किंवा माझी एखादी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन खात्यावर चालू आहे का, हेही तपासून कळवावे, कारण एक बंद केल्याने दुसरे बंद होत नाही. कंपनीने विलंब शुल्क मागे घ्यावे आणि पुढच्या वसुलीच्या यादीतून माझे नाव काढल्याचे लेखी कळवावे. 10 तारखेच्या मागण्यांची यादी आधीच बँकेकडे जाते, म्हणून दोन्ही उत्तरे मला पुढच्या महिन्याच्या 5 तारखेच्या आत हवी आहेत. ती न आल्यास हीच कागदपत्रे घेऊन मी बँकेच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्यांकडे आणि तिथून नियामकाकडे जाईन.

या पत्राच्या प्रतीवरही शिक्का आणि आवक क्रमांक द्यावा.

आपली विश्वासू,
खातेदार

सोबत: शाखेची पोच असलेले पत्र, कंपनीला दिलेले पत्र व त्याची टपाल पोच, 14 तारखेची नोंद असलेला खातेउतारा (सर्व छायाप्रती, मूळ कागद माझ्याकडे आहेत)