दोन ग्लास म्हणजे नेमके किती?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या पार्टीचं सांगताना तू फोनवर म्हणालीस, "बाबा, दोनच ग्लास घेईन, काळजी नको." घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. कायद्याने तुझं वय झालंय, आणि घ्यायची की नाही हे तू ठरवायचंस. (अजिबात नाही घेतलीस तर कुणाला कारण सांगत बसू नकोस.) माझी तक्रार फक्त त्या "दोन ग्लास"वर आहे. जन्मभर औषधं मापून देणाऱ्या माणसाला "दोन ग्लास" ऐकून पहिला प्रश्न पडतो, कशाचे आणि केवढे?

बाटलीवर अल्कोहोलचा टक्का छापलेला असतो. ग्लासात किती मिलिलिटर आहे त्याला त्या टक्क्याने गुणायचं, शंभराने भागायचं आणि आलेल्या आकड्याला पुन्हा 0.8 ने गुणायचं, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. उत्तर येतं ते ग्रॅममध्ये. 43 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 30 मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे साधारण 10 ग्रॅम. 5 टक्क्यांच्या बिअरचा 330 मिलिलिटरचा टिन 13 ग्रॅम. पण तीच बिअर 8 टक्क्यांची, 'स्ट्राँग' लिहिलेली आणि टिन 500 मिलिलिटरचा असेल, तर 32 ग्रॅम. हातात एकच टिन दिसतो, पोटात तीन छोटे पेग गेलेले असतात. "मी फक्त बिअर घेते" म्हणणारे नेमके इथे फसतात.

घरगुती पार्टीत तर मापच नसतं. यजमान प्रेमाने बाटली तिरपी करतो आणि त्याच्या हातचा 'स्मॉल' बहुधा स्मॉल नसतो. वाइनचा ग्लास मोठा असला की त्यात 150 मिलिलिटर जातंय की 250, हे डोळ्यांना कळत नाही, आणि 13 टक्क्यांच्या वाइनमध्ये तो फरक 16 ग्रॅम आणि 26 ग्रॅम एवढा आहे. म्हणून आपला ग्लास आपण भरावा, जमल्यास पेग मेजरने. ग्लास अर्धा असताना कुणी वरून ओतू लागलं तर हात आडवा धर; ग्लास रिकामा झाल्याशिवाय नवा भरायचा नाही, नाहीतर मोजणीच तुटते. आणि मोठ्या भांड्यात कालवलेलं गोड पंच असेल तर ते मी तरी सोडून देईन. त्यात काय काय पडलंय हे बनवणाऱ्यालाही आठवत नसतं आणि साखरेमुळे जिभेला तिखटपणा लागत नाही.

आता वेळेचं. लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल मोडतं. माझ्या दुकानात काउंटरवर एकच माणूस असला की बाहेर रांग कितीही वाढली तरी त्याचा वेग तोच राहतो, तसंच हे. कॉफी, लिंबू, गार पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही लिव्हर घाई करत नाही. कॉफीने फार तर जाग येते. तोल आणि अंदाज बिघडलेलाच राहतो.

शिवाय प्यायलेलं लगेच रक्तात उतरत नाही. पोटातून थोडंच शोषलं जातं, बाकीचं पुढे लहान आतड्यात गेल्यावर. रिकाम्या पोटी अर्ध्या-एक तासात रक्तातली पातळी टोकाला जाते. जेवण झालं असेल तर अन्न ते पोटात धरून ठेवतं, चढण सावकाश आणि कमी उंच होते. म्हणून घरून नीट जेवून निघ. "अजून चढली नाही" म्हणून दुसरा भरणारा माणूस पहिला रस्त्यात असतानाच दुसरा पाठवत असतो. कसं वाटतंय यावर पुढचा ग्लास ठरवायचा नाही, घड्याळावर ठरवायचा.

समज, पार्टी आठ ते बारा आहे. एकीने साडेनऊपर्यंत तीन मोठे पेग, म्हणजे 60 ग्रॅम घेतले आणि मग शहाणपणाने थांबली. तासाला 8 ग्रॅम धरले तर बारा वाजता तिच्या अंगात अजून जवळजवळ 30 ग्रॅम आहेत, आणि ते संपायला आणखी तीन-चार तास लागतील. दुसरीने साडेआठला एक छोटा पेग, पाऊणे दहाला दुसरा, अकराला तिसरा घेतला. एकूण 30 ग्रॅम. कुठल्याही क्षणी अंगात एका छोट्या पेगाहून फारसं जास्त नाही. बारा वाजता थोडं उरलेलं असेल. दोघीही "तीन घेतले" असंच सांगतील! गाडी मात्र दोघींनीही चालवायची नाही. हा सरासरीचा हिशेब आहे, आणि कमी वजनाच्या बाईच्या शरीरात पाणी कमी असल्यामुळे तेवढ्याच ग्रॅमला तिच्या रक्तातली पातळी पुरुषापेक्षा जास्त जाते. मित्रांच्या बरोबरीने पिणं म्हणूनच तुझ्या हिशेबात बसत नाही.

तुझ्यासाठी मी दुसरीसारखी मर्यादा सुचवेन: रात्रभरात तीन छोटे पेग किंवा तेवढेच ग्रॅम, दोहोंत तासाभराहून जास्त अंतर. आकडा निघण्याआधीच ठरव आणि बरोबरच्या एका मैत्रिणीला सांगून ठेव, कारण पहिल्या पेगानंतर आकडा ठरवणारं डोकं तेच राहत नाही.

मधल्या वेळात पाणी. पाण्याने अल्कोहोल लवकर मोडतं, हा गैरसमज नको. त्याचा उपयोग असा की हातातला ग्लास भरलेला राहतो, तहान दारूवर भागवली जात नाही आणि वेळ जातो. अल्कोहोलमुळे लघवी जास्त होते, त्याचीही थोडी भरपाई होते. प्रत्येक पेगानंतर एक मोठा ग्लास, सावकाश. पेगात सोड्याऐवजी साधं पाणी घातलंस तर बरं. फेसाळ पेयाबरोबर काहींच्या रक्तात अल्कोहोल लवकर उतरतं.

एवढं करूनही कुणीतरी जास्त घेणारच. बडबड, रडणं, उलटी इथपर्यंत सोबत बसणं पुरतं. पण हलवूनही जागं होत नसेल, श्वास फार मंद किंवा थांबत-थांबत येत असेल, अंग गार किंवा ओठ निळसर पडले असतील, तर "झोपू दे, उतरेल" म्हणायचं नाही. पोटात राहिलेलं झोपेतही रक्तात येत राहतं. एका कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, एकटं सोडायचं नाही आणि ताबडतोब अँब्युलन्स बोलवायची. ओकारी काढायचा प्रयत्न नको.

आई ठीक आहे. तिने हे पत्र वाचून "एवढी गणितं?" असं विचारलं, पण आकडे तिनेच तपासले.

तुझे,
बाबा

ता. क. सर्दीसाठी सेटिरिझिन चालू आहे म्हणालीस. त्या गोळीने आधीच गुंगी येते, आणि दारूबरोबर ती वाढते. शनिवारी गोळी घ्यावी लागली तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेव आणि फक्त पाणी घे.