आईला एक खरं सांगायचं राहिलं होतं

आरहूस, डेन्मार्क
16 नोव्हेंबर

ती. बाबा व सौ. आईस सा. नमस्कार,

आम्ही तिघंही मजेत आहोत. कापसाची वेचणी कुठवर आली ते रविवारी फोनवर कळेलच. पत्र मुद्दाम लिहितोय. काही गोष्टी फोनवर काढल्या की आई रडते अन् मी फोन ठेवून देतो.

आधी बाबागाडीचा खुलासा. ओवी पाळणाघराच्या अंगणात, चार अंश थंडीत झोपलेली फोटोत पाहिली अन् तू दोन दिवस धड जेवली नाहीस म्हणे. आई, इथे सगळीच लेकरं दुपारी बाहेर झोपतात. अंगात लोकरीचे कपडे, वर जाड दुलई, पट्टा बांधलेला, अन् रडली तर आत ऐकू येईल असं यंत्र शेजारी. कॉफीच्या हॉटेलाबाहेर लेकरासकट गाडी उभी करून आया आत बसतात, कोणी उचलून नेत नाही. मोकळ्या हवेत झोप गाढ लागते असं यांचं म्हणणं. फारच गोठायला लागलं की आत घेतात. सर्दी होते ओवीला, पण ती गावातही झालीच असती.

आता मुख्य. "दुसऱ्याचं काय?" असं तू दर रविवारी विचारतेस अन् मी सांगतो, वर्षाचं मन नाही. ते खोटं आहे. वर्षाला दुसरं हवंय. नको ते मला. दोन वर्षं तिच्या नावावर बिल फाडलं. हळदीकुंकवाला बाया तिच्याबद्दल काय बोलल्या, ते तिला बहिणीकडून कळलं. त्या रात्री ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "निदान 'नाही' तरी स्वतःच्या तोंडानं म्हणा."

तेव्हापासून शनिवारी ओवी झोपली की आम्ही बोलतो. पहिले चार शनिवार निकाल लावायचा नाही असं ठरलं. एकानं आपलं कारण सांगायचं, दुसऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, अन् "हां, हेच" असं ऐकू आल्याशिवाय स्वतःचं सुरू करायचं नाही. मला पोरखेळ वाटला. पण पहिल्याच दिवशी तीनदा चुकलो, कारण ती बोलत असताना मी मनात उत्तरच जुळवत होतो.

माझं कारण पैसा. तिनं कागदावर हिशेब मांडला. पाळणाघरात दुसऱ्या लेकराची फी निम्मी पडते. सुटी आईबापाला 24-24 आठवडे, त्यातले 11 बापानं घेतले नाहीत तर बुडतात, आईला देता येत नाहीत. मग विचारलं, "समजा पैसा पुरला. मग हवं?" माझ्या तोंडून पटकन 'नाही' निघालं. म्हणजे कारण पैसा नव्हतंच.

ओवीच्या वेळी 'सुखरूप' असं कळवलं होतं. वार सुटली नव्हती, आई. दीड लिटर रक्त गेलं. वर्षाला ऑपरेशनला नेलं अन् मी दोन तास ओवीला छातीशी धरून बाहेर उभा होतो. हे मी वर्षालाही कधी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो. एकदा झालं की पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, पण आधीच माहीत असलं तर इंजेक्शन, रक्त, माणसं तयार ठेवतात, असं त्या म्हणाल्या. माझी भीती त्यानं गेली नाही. पण आता ती भीती म्हणूनच बोलतो, हप्त्यांच्या आडून नाही.

मीही विचारलं, "तुझ्या हवं म्हणण्यात आईचं किती?" ती चिडली. पुढच्या शनिवारी म्हणाली, "मुलगा हवा, हे आईंचं. ते बाजूला काढलं तरी मला हवंच आहे. आपण नसू तेव्हा ओवीला मराठीत भांडायला कोणीतरी असावं." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

यात मधला रस्ता नाही, अर्धं लेकरू होत नसतं. अन् 'पुढे बघू' म्हणत राहिलो तर वर्षा 34 ची आहे, काही न बोलता माझंच खरं होईल. म्हणून पोळ्यापर्यंतची मुदत ठेवली आहे. काय ठरेल ते मला आज खरंच माहीत नाही. तोवर तिला विचारू नको. बायांना मात्र सांग, पोराचं मन नाही.

60 हजार पाठवलेत. आधी सोसायटीचं कर्ज भरा, बोअर उन्हाळ्यात बघू. वणीच्या स्थळाला एवढ्यात होकार देऊ नका. सुमीला एकटीला बसवून विचारा, बाबांसमोर नको. लग्नाला आम्ही येतोच, तिकिटाची काळजी करू नका. मागच्या दिवाळीलाही हेच म्हणालो होतो, माहीत आहे.

तुमचा,
बंडू

ता. क. तुरीची डाळ पाठवू नका, इथे मिळते. घरच्यासारखी नसते, पण मिळते.